गाडीच्या पडद्यावर कुणाचा मेसेज येऊ द्यायचा?

मी द्राक्षबागांची सल्लागार आहे. राहायला नाशकात म्हसरूळला आणि काम दिंडोरी, वणी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की थेट माल उतरेपर्यंत माझा निम्मा दिवस गाडीत आणि निम्मा बागेत जातो. डिसेंबरात एखाद्या रात्री पाऊस पडून गेला की पहाटेपासून फोन वाजायला लागतो. पानं ओली आहेत, डाऊनी रोगाची भीती आहे, फवारणी आत्ता घेऊ की पान सुकल्यावर घेऊ, असे प्रश्न असतात आणि ते खरोखर तातडीचे असतात. म्हणजे ‘गाडी चालवताना फोन बंद ठेवा’ हा सल्ला माझ्या कामी येत नाही. मला हवं होतं ते एवढंच, की ज्यांचं ऐकायलाच हवं त्यांचं ऐकू यावं आणि बाकी सगळं गाडी थांबेपर्यंत गप्प राहावं.

गाडीत अँड्रॉइड ऑटो आहे. फोन जोडला की नकाशा, फोन, गाणी आणि मेसेज गाडीच्या पडद्यावर येतात. पहिल्या दिवशी ते जसं आलं तसंच वापरलं आणि म्हसरूळहून ढकांब्यापर्यंत पडद्याच्या कोपऱ्यात पट्ट्या उमटत राहिल्या. सोसायटीचा ग्रुप, नात्यातल्या लग्नाचा ग्रुप, बियाणं-खतवाल्यांच्या जाहिराती, आणि त्यांच्याच गर्दीत मध्ये कुठेतरी एका शेतकऱ्याचा खरा प्रश्न. प्रत्येक पट्टीला टिंग वाजतं आणि प्रत्येक टिंगला नजर रस्त्यावरून उतरते. दिंडोरी रस्त्यावर पुढे क्रेट भरलेला ट्रॅक्टर चाललेला असतो, त्याला मागे दिवा असेलच असं नाही. तिथे हे चालणार नाही हे उघड होतं.

माझा भाचा ओंकार यातला जाणकार आहे. तो आला, मी त्याला गाडीत बसवलं आणि पडदा दाखवला. त्याने पडद्याला हातच लावला नाही. म्हणाला, “मावशी, इथे काही करायचं नाहीये. गाडी फक्त आरसा आहे. फोनमध्ये जे वाजतं तेच इथे दिसतं. तुझा फोन दे.”

सगळी जुळवाजुळव या एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून ती नीट सांगते. अँड्रॉइड ऑटो फोनमधली प्रत्येक सूचना दाखवत नाही. खरेदीच्या ॲपची सूट, बातम्यांचे मथळे, खेळांचे निकाल हे गाडीत येतच नाहीत. येतात त्या संभाषणाच्या सूचना, म्हणजे ज्यात कुणी पाठवलं आणि काय पाठवलं हे वेगवेगळं नोंदलेलं असतं, आणि स्क्रीन न उघडता उत्तर देण्याची व ‘वाचलं’ अशी खूण करण्याची सोय त्या ॲपने दिलेली असते. व्हॉट्सॲप, साधे एसएमएस, टेलिग्राम ही मंडळी त्यात बसतात. गाडी ही सूचना उचलते आणि तिला स्पर्श केला की आतला मजकूर वाचून दाखवते. गाडी चालू असताना पूर्ण मजकूर पडद्यावर वाचायला मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणजे चाळणी लावायची तर ती तीन ठिकाणी लागते. आधी व्हॉट्सॲपमध्ये, मग फोनच्या सूचनांमध्ये, आणि सगळ्यात शेवटी अँड्रॉइड ऑटोच्या सेटिंगमध्ये. बहुतेक जण फक्त तिसरीकडे शोधतात आणि तिथे पुरेसं काही सापडत नाही म्हणून सोडून देतात.

आम्ही शेवटापासून सुरुवात केली, कारण तिथलं काम सोपं होतं. फोनच्या सेटिंगमध्ये `Android Auto` असं शोधलं की त्याचं पान उघडतं. तिथे `Customize launcher` मध्ये गाडीच्या पडद्यावर कोणती ॲप दिसावीत याची यादी असते. मी नकाशा, फोन, व्हॉट्सॲप आणि गाण्यांचं एक ॲप ठेवून बाकी सगळ्यांवरची खूण काढली. त्यामुळे पडद्यावर चार मोठी चित्रं राहिली, पान सरकवायची गरज उरली नाही. एक मात्र लक्षात घ्यायचं, की इथून ॲप काढलं म्हणजे फक्त त्याचं चित्र जातं. त्याच्या सूचना येतच राहतात. याच पानावर एखाद्या माणसाला फोन लावायचा शॉर्टकट जोडता येतो, तो मी पिंपळगावच्या पॅकहाऊसच्या सुपरवायझरसाठी जोडला. माल भरणीच्या दिवसांत तो नंबर यादीत शोधावा लागत नाही.

सूचनांच्या भागात तीन गोष्टी बघितल्या. मेसेजच्या सूचना चालू. संभाषणाची पहिली ओळ पडद्यावर दाखवायची सोय बंद, कारण अर्धी ओळ दिसली की माणूस उरलेली अर्धी शोधतो. आणि तिसरं म्हणजे ग्रुपच्या सूचना. याचं बटण एकच आहे. सगळे ग्रुप चालू किंवा सगळे बंद. लग्नाचा ग्रुप बंद आणि भरणीचा ग्रुप चालू असं इथे करता येत नाही. माझ्याकडे भरणीचा एक ग्रुप खरंच कामाचा आहे, त्यात कंटेनर कधी लागणार हे कळतं. त्या एकासाठी बटण चालू ठेवलं तर बाकीचे सगळे ग्रुप व्हॉट्सॲपमध्ये जाऊन `Archive` मध्ये टाकावे लागतात. तिथे गेलेले ग्रुप शांत राहतात, फक्त कुणी आपलं नाव घेऊन लिहिलं किंवा आपल्या मेसेजला उत्तर दिलं तर वाजतात. लग्नाच्या ग्रुपमध्ये नाव घेऊन लिहिणारे पुष्कळ असतात. म्हणून मी ग्रुपचं बटण सरळ बंद केलं आणि सुपरवायझरला सांगितलं, की वेळ बदलली तर ग्रुपवर लिहाच, पण मला वेगळी एक ओळ पाठवा. त्याला दोन सेकंद जास्त लागतात, पण माझी अख्खी चाळणी सोपी होते.

खरं काम फोनच्या सूचनांमध्ये आहे. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक संभाषणाला वेगळा दर्जा देता येतो. त्या माणसाची सूचना आली की तिच्यावर बोट दाबून धरायचं आणि `Priority` निवडायचं. मग ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये जाऊन संभाषणांपैकी फक्त हा दर्जा असलेल्यांना वाट द्यायची. फोन कॉलसाठी वेगळी ओळ असते, तिथे फक्त तारांकित संपर्क निवडले. आणि त्याखाली एक फार मोलाचा नियम आहे. एकाच माणसाने १५ मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन केला तर तो कॉल आत येऊ द्यायचा. हा मी चालू ठेवला, आणि पुढे सगळी व्यवस्था त्याच्यावरच टेकली.

कुणाला हा दर्जा द्यायचा यावर मी जास्त वेळ घालवला. पहिला विचार असा होता की सगळ्या शेतकऱ्यांना द्यावा, ते माझं काम आहे. पण तसं केलं तर चाळणी लावली आणि न लावली सारखीच. मग बागेच्या अवस्थेवरून ठरवलं. छाटणी होऊन ज्यांची बाग पोंग्यात, म्हणजे नवे डोळे फुटण्याच्या अवस्थेत, किंवा फुलोऱ्यात आहे, त्यांच्याकडे एक दिवस उशीर झाला तर घड जातो. त्यांचा मेसेज रस्त्यात ऐकायला हवा. ज्यांच्या मण्यात पाणी उतरलंय, म्हणजे माल पिकायला लागलाय, त्यांचे प्रश्न बहुतेक वेळा अर्धा तास थांबू शकतात. म्हणून यादी माणसांची असली तरी तिच्यामागचा नियम बागेच्या दिवसांचा आहे आणि ती हंगामात बदलत राहते. घरचे दोन नंबर आणि पॅकहाऊस तेवढे कायम आहेत.

हा शांत मोड गाडीशी बांधला. बऱ्याच फोनमध्ये आता ‘ड्रायव्हिंग’ नावाचा मोड असतो. नाव आणि जागा कंपनीप्रमाणे बदलते, पण सेटिंगमध्ये ‘मोड’ शोधलं की सापडतो. गाडीचं ब्लूटूथ जोडलं की हा मोड सुरू, सुटलं की बंद, एवढं त्याला सांगायचं. याचा फायदा असा की मला काही आठवावं लागत नाही. तोटा असा की फोनला मी कुठल्या सीटवर बसले आहे ते कळत नाही. नवरा गाडी चालवत असेल आणि मी शेजारी बसून शेतकऱ्यांशी बोलायचं म्हणत असेन, तरी फोन गप्पच असतो. तेव्हा मोड हाताने बंद करावा लागतो.

एवढं झाल्यावर ओंकारने मला लगेच रस्त्यावर जाऊ दिलं नाही. गाडी अंगणात उभी, इंजिन चालू, फोन जोडलेला आणि लॉक केलेला. त्याने चार फोन गोळा केले, त्याचा, माझ्या नवऱ्याचा, शेजारच्या काकूंचा आणि जुना पडून असलेला एक. त्यातल्या एकाला वरचा दर्जा, बाकीच्यांना नाही. मग एकेक करून मेसेज पाठवायला लागला. दर्जा असलेल्या नंबरावरून साधी ओळ आली, टिंग झालं, पट्टी आली, स्पर्श केल्यावर वाचून दाखवली गेली. दर्जा नसलेल्याकडून आलेली ओळ शांतपणे फोनमध्ये जाऊन बसली, पडद्यावर काही नाही. ग्रुपमधलं काही आलं नाही. नुसत्या फोन कॉलचंही तसंच. काकूंच्या फोनवरून पहिला कॉल गप्प, लगेच केलेला दुसरा कॉल गाडीत वाजला. इथपर्यंत सगळं मनासारखं झालं.

मग त्याने दर्जा असलेल्या नंबरावरून एक फोटो पाठवला, आणि एक आवाजी मेसेज. गाडीने दोन्हींचं काय केलं? पहिल्याला नुसतं ‘फोटो’ म्हटलं, दुसऱ्याला ‘व्हॉइस मेसेज’. आतलं काही नाही. कारण वाचणारा आवाज सूचनेतली अक्षरं वाचतो, आणि फोटोच्या सूचनेत अक्षरं तेवढीच असतात. आवाजी मेसेज तो उघडून ऐकवत नाही.

माझ्या धंद्यात ही अडचण छोटी नाही. शेतकरी पहिल्यांदा पाठवतो तो पानाचा फोटो. त्यानंतर बांधावर उभा राहून बोललेला आवाजी मेसेज. लिहिणं सगळ्यात शेवटी. म्हणजे ज्यांच्यासाठी एवढी वाट मोकळी केली, त्यांच्याकडून मला गाडीत ऐकू येणार काय, तर ‘फोटो, फोटो, व्हॉइस मेसेज’. आणि ते ऐकून काळजी वाढते, कळत काहीच नाही. नुसती अस्वस्थता घेऊन गाडी चालवणं हे टिंग ऐकण्यापेक्षा वाईट. या ठिकाणी सेटिंग संपतात आणि माणसांशी बोलणं सुरू होतं.

कामाचा नंबर मी व्हॉट्सॲप बिझनेसवर ठेवला आहे. त्यात आपोआप उत्तर पाठवायची सोय असते, तिला `Away message` म्हणतात. ती गाडीशी जोडता येत नाही, पण वेळेशी जोडता येते. कायम पाठवा, ठरावीक तारखा-वेळांत पाठवा किंवा कामाच्या वेळेबाहेर पाठवा, असे तीन पर्याय असतात. रोज आपोआप चालणारा पर्याय तिसरा आहे. मी कामाची वेळ सकाळी ११ ते दुपारी ४ अशी टाकली, कारण त्या वेळात मी बागेत असते, फोन हातात असतो. त्याच्या आधी आणि नंतर मी बहुतेक करून रस्त्यावर. तेव्हा लिहिणाऱ्याला हे जातं:

“मी आत्ता गाडी चालवत असेन. गाव, प्लॉट आणि अडचण एका ओळीत लिहून पाठवा, ती मला ऐकू येऊ शकते. फोटो त्याच्यानंतर पाठवा. फारच घाई असेल तर साधा फोन लागोपाठ दोनदा करा.”

शेवटच्या वाक्यामुळे वरचा १५ मिनिटांचा नियम जिवंत होतो. यादीत नसलेल्या माणसालाही खरी निकड असेल तर आत यायला दार आहे, आणि ते दार उघडायला त्याला दोनदा नंबर फिरवण्याचे कष्ट घ्यावे लागतात. जो सहज विचारत असतो तो दुसऱ्यांदा फिरवत नाही. ‘साधा फोन’ असं मुद्दाम लिहिलं, कारण नियम साध्या कॉलचा आहे, व्हॉट्सॲप कॉलवर मी विसंबून राहत नाही. आणि हे आपोआप जाणारं उत्तर माझा फोन इंटरनेटला जोडलेला असेल तरच जातं. वणीच्या पुढे डोंगराकडे काही ठिकाणी नेटवर्क जातं, तिथे मेसेजही येत नाहीत आणि उत्तरही जात नाही.

आपोआपच्या उत्तरावर सगळं सोडलं नाही. बागेत गेले की प्रत्येकाला तोंडाने सांगितलं. ढकांब्याच्या तात्यांना ते आवडलं नाही. “मॅडम, फोटो बघितल्याशिवाय तुम्हाला काय कळणार? आणि मला टायपायला चष्मा लागतो.” त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मग त्यांच्या फोनच्या कीबोर्डवर मराठी बोलून टाइप करायचं माईकचं बटण दाखवलं. बोलायचं तेच, फक्त आवाजी मेसेजच्या माईकऐवजी कीबोर्डवरच्या माईकवर बोट ठेवायचं, म्हणजे त्याची अक्षरं होऊन येतात. बांधावर वारा असला तर शब्द इकडेतिकडे होतात, पण गाव, प्लॉट आणि ‘पानाखाली पांढरं’ एवढं तरी येतं. मला रस्त्यात तेवढंच हवं असतं. फोटो मी थांबल्यावर बघणारच असते.

वाचणाऱ्या आवाजाच्या भाषेचं प्रकरण वेगळं सोडवावं लागलं. मेसेज वाचणारा माझ्या फोनमधला असिस्टंट भारतीय इंग्रजीवर होता. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी तो इंग्रजी शब्द समजून वाचतो, त्यामुळे ‘favarni gheu ka’ ऐकताना दोनदा कान टवकारावे लागतात, आणि कान टवकारणं म्हणजे रस्त्यावरचं लक्ष काढून घेणंच आहे. भाषा हिंदी केल्यावर माझ्या फोनवर देवनागरीतलं मराठी समजेल इतपत वाचलं जायला लागलं. उच्चार हिंदी वळणाचे येतात, शब्दाच्या शेवटी गडबड होते, पण अर्थ पहिल्या ऐकण्यात लागतो. वेगळ्या फोनवर, वेगळ्या आवृत्तीत हे वेगळं निघू शकतं, म्हणून ज्याने त्याने उभ्या गाडीत आपल्या माणसांचे खरे जुने मेसेज पुन्हा पाठवायला लावून ऐकावेत. शेतकऱ्यांना मी देवनागरीतच लिहायला सांगते. कीबोर्डच्या माईकने बोललं तर ते आपसूक देवनागरीतच येतं, हा आणखी एक फायदा.

आवाजाची पातळी हीसुद्धा तिथेच, उभ्या गाडीत लावायची गोष्ट. गाण्यांचा, रस्ता सांगणाऱ्या सूचनांचा आणि मेसेज वाचण्याचा आवाज वेगवेगळा ठेवलेला असतो, आणि तो ज्या क्षणी वाजत असेल त्याच क्षणी कमीजास्त करता येतो. वाचन चालू असताना बटण फिरवलं तर वाचनाची पातळी बदलते, ते थांबल्यावर फिरवलं तर गाण्याची. ओंकारने एक लांबलचक मेसेज पाठवला आणि तो वाचला जात असताना मी पातळी ठरवून घेतली. काच खाली केल्यावरही ऐकू येईल एवढी, पण दचकायला होणार नाही एवढी.

आता उत्तराबद्दल. गाडी मेसेज वाचून झाल्यावर बोलून उत्तर द्यायची सोय देते. मी ती चालत्या गाडीत वापरत नाही, आणि यामागे दोन कारणं आहेत.

पहिलं कारण लक्षाचं. अमेरिकेतल्या एएए फाउंडेशनसाठी युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की आवाजी आज्ञा देऊन नंबर लावणं, गाणं बदलणं किंवा मेसेज पाठवणं संपल्यानंतरही काही यंत्रणांमध्ये चालकाचं मन २७ सेकंदांपर्यंत पूर्ण रस्त्यावर परतत नाही. हात स्टिअरिंगवर, डोळे समोर, तरीही. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने २७ सेकंदांत गाडी ४५० मीटर जाते. दिंडोरी रस्त्यावर ४५० मीटरमध्ये एखादा फाटा, शाळा सुटलेली पोरं आणि उलट बाजूने येणारी दुचाकी हे सगळं येऊन जातं. कायदा हातात धरलेल्या फोनबद्दल बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने ते स्पष्ट केलं. बोलून पाठवलेला मेसेज त्यात बसत नाही, पण म्हणून तो निर्धोक ठरत नाही.

दुसरं कारण माझ्या कामाचं. शेतकरी विचारतो, लिटरला किती घेऊ. मी बोलून उत्तर दिलं आणि यंत्राने ‘दीड’चं ‘दोन’ ऐकलं किंवा औषधाचं नाव भलतंच लिहिलं, तर ते तपासायला मला पडदा बघावा लागतो. न बघता पाठवलं तर चुकीची मात्रा पंपात जाते. द्राक्षात, त्यातही निर्यातीच्या मालात, चुकीचं औषध किंवा जास्तीची मात्रा म्हणजे पुढे औषधाच्या अंशाच्या तपासणीत माल अडकणं. मात्रेचं उत्तर मी गाडी थांबवून, बोटांनी लिहून, एकदा वाचून मगच पाठवते. याला अपवाद ठेवलेला नाही.

एक सकाळ सांगते, म्हणजे सगळं एकत्र कसं चालतं ते दिसेल. रात्री पाऊस झाला होता, मी वणीकडे निघाले होते. म्हसरूळ सोडल्यावर पहिली टिंग झाली. तात्या. स्पर्श केला. खालचा प्लॉट, पानाखाली पांढरी बुरशी दिसते, फवारणी घेऊ का, असं त्यांनी लिहिलं होतं. पानाच्या वर तेलकट पिवळे डाग आणि खाली पांढरी लव ही डाऊनीची ओळख. तात्यांची बाग फुलोऱ्याच्या आसपास होती, म्हणजे हे थांबणारं नव्हतं. पण पान ओलं असताना पाच-दहा मिनिटांनी फरक पडणार नव्हता. उत्तर न देता पुढे गेले. दिंडोरीच्या अलीकडे एका पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी घेतली, इंजिन बंद केलं, ब्लूटूथ सुटलं आणि मोड संपला. तेव्हा फोनमध्ये आणखी बरेच मेसेज साचलेले दिसले. त्यातला एकही तात्यांच्या आधी उत्तर द्यावा असा नव्हता. तात्यांचे फोटो बघितले, औषध आणि मात्रा लिहिली, पान सुकल्यावर आणि पानाच्या खालच्या बाजूला बसेल अशी फवारणी घ्या असं लिहिलं, आणि निघाले. पुढे वणीपर्यंत एकदाच कॉल वाजला, एका नव्या शेतकऱ्याचा. त्याने माझं आपोआपचं उत्तर वाचून दोनदा फोन लावला होता. त्याच्याशी गाडी बाजूला घेऊनच बोलले.

थांबायच्या जागाही आता ठरलेल्या आहेत. महामार्गावर अचानक कडेला गाडी घेणं हा वेगळा धोका आहे, म्हणून प्रत्येक रस्त्यावरचे दोन-तीन पंप किंवा हॉटेलांची मोकळी आवारं डोक्यात पक्की आहेत. पिंपळगावला जाताना शहरातल्या उड्डाणपुलावर मेसेज आला तरी ओझरपर्यंत काही करायचं नाही, हे आधीच ठरवलेलं असतं.

हे बिघडलं तर कसं ओळखायचं तेही सांगते, कारण बिघडतं तेव्हा ते गप्प बसतं आणि आपल्याला वाटतं आज मेसेजच आले नाहीत. एकदा एका शेतकऱ्याचा मेसेज नुसता ‘नवा मेसेज’ एवढाच वाचला जायला लागला. व्हॉट्सॲपला बोटाच्या ठशाचं कुलूप लावलं होतं आणि सूचनेत मजकूर दाखवायची खूण निघाली होती. सूचनेत मजकूर नाही, म्हणून गाडीकडेही नाही. एखादं संभाषण व्हॉट्सॲपमध्ये कुलूपबंद केलं असेल तरी हेच होतं. मेसेज उशिरा आणि एकदम घोळक्याने येत असतील तर बॅटरी वाचवण्यासाठी फोन व्हॉट्सॲपला झोपवतोय असं समजावं, आणि बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्याला मोकळीक द्यावी. काहीच येत नसेल तर अँड्रॉइड ऑटोला सूचना वाचायची परवानगी आहे का ते बघावं. फोनचं मोठं अपडेट झालं की मी पुन्हा अंगणात उभं राहून दोन फोनांवरून मेसेज पाठवून बघते, एक यादीतला आणि एक यादीबाहेरचा. दोन्ही बरोबर वागले तरच त्यावर विसंबते.

आवाजी मेसेजवर मात्र उपाय सापडलेला नाही. काही वयस्कर शेतकरी कीबोर्डचा माईक वापरत नाहीत आणि त्यांनी वापरावा असा आग्रहही मी धरत नाही. त्यांचे नंबर कॉलसाठी तारांकित ठेवले आहेत, म्हणजे त्यांचा पहिलाच फोन आत येतो. वाजला की तो वाजू देते, कापत नाही आणि उचलतही नाही. पुढच्या पंपावर पोचले की आधी त्यांनाच परत फोन लावते.